आहेराची वाळू

अण्णांनी माझ्या डब्यातली वाळू चिमटीत धरली आणि सरळ जिभेवर ठेवली. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर. मी बघतच राहिले. साठीच्या पुढचा माणूस, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि हा गृहस्थ लहान पोरासारखी वाळू खातोय. त्यांनी डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली, मग उठून दाराबाहेर थुंकून आले आणि तांब्यातल्या पाण्याने चूळ भरली.

"बाई, ही वाळू घराला लावू नका," ते म्हणाले.

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ धक्के बसलेत, पण त्या वाक्याइतका राग मला क्वचितच कशाचा आला असेल. कारण ती वाळू साधीसुधी नव्हती, माझ्या माहेरची होती.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर आम्ही फुलेवाडीच्या पुढे एक छोटी जागा घेतली आणि घर बांधायला काढलं. आमच्या दोघांच्याही घराण्यात शहरात घर बांधणारे आम्ही पहिलेच. हे वारणानगरला साखर कारखान्यात कामाला. गळीत हंगाम सुरू झाला की पाळ्या लागायच्या आणि यायला मिळायचं ते फक्त सुट्टीच्या दिवशी. "घर तूच बांध, मी रविवारी येऊन बघत जातो," असं म्हणून ते मोकळे झाले. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. सकाळची शाळा आटोपली की पर्स काखेत मारून बांधकामावर हजर. साठ पोरं एका आवाजात गप्प करणारी बाई मी, एक गवंडी मला जड जाणार नाही अशी माझी समजूत होती. घरबांधणीतलं आपल्याला काही कळत नाही हे मला कळत होतं, पण ते कबूल करायची सवय नव्हती.

दगडी जोतं झालं, भिंती झाल्या. राहिला स्लॅब. त्याच सुमारास माझा थोरला भाऊ येऊन गेला. दादा ट्रकवर ड्रायव्हर. कोल्हापुरातून गूळ भरून गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात जायचा आणि बरेचदा रिकामी गाडी घेऊन परत यायचा. नव्या भिंतींवरून हात फिरवत तो म्हणाला होता, "वास्तूला लुगडं-भांडं सगळीच देत्यात. मी तुझ्या स्लॅबला वाळू देणार. माहेरचं कायतरी डोक्यावर पायजे की तुझ्या."

आणि त्याने शब्द पाळला. आठवड्याभरात दोन ट्रक वाळू माझ्या दारात रिकामी केली. ट्रकच्या मालकाला विचारून, परतीच्या खेपेत, स्वतः उभं राहून भरून आणलेली. वाळू तरी कशी! पांढरी, लखलखीत, एक काडी नाही की एक ढेकूळ नाही. शेजारच्या बांधकामावरची काळपट वाळू तिच्यापुढे राखेच्या ढिगासारखी दिसायची. मी त्या ढिगाशी उभी राहून रडले होते. आमचे वडील दादा सोळा वर्षांचा असतानाच गेले. तेव्हापासून आईचं, माझं, सगळं त्यानेच पाहिलेलं. त्याचा आहेर असा दारात चमकत पडला होता.

वाळू आली, आता सिमेंट आणायचं म्हणून मी मंगळवार पेठेतल्या अण्णांच्या दुकानात गेले. लोखंड, सिमेंट, पाइप, खिळे, रंग, सगळं मिळणारं जुनं दुकान. अख्खी पेठ त्यांना अण्णाच म्हणायची. मूळचे सीमेकडचे, घरात कानडी, दुकानात मराठी, आणि चिडले की दोन्ही.

"त्रेपन्न नंबरचं सिमेंट द्या," मी पहिल्याच दिवशी रुबाबात म्हणाले. शेजारणीने मला नंबर पाठ करून दिला होता.

"त्रेपन्नच का?"

"तेहतीस असतं, त्रेचाळीस असतं, त्रेपन्न असतं. त्रेपन्न सगळ्यात मोठं. मला सगळ्यात चांगलं पाहिजे."

अण्णा हसले. मला हसलेलं खपत नाही. मी तोंड वाकडं केलं.

"अक्का, रागावू नका," ते म्हणाले. "ह्यो नंबर म्हंजे शाळंतले मार्क न्हवंत, की जास्त ते चांगलं. सिमेंट आणि ठरावीक वाळू घेऊन एक लहान ठोकळा करत्यात. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवत्यात. मग मशीनमधी दाबून बघत्यात, किती दाबाला फुटतोय. त्या दाबाचा आकडा ह्यो. त्रेपन्नचा ठोकळा जास्त दाब सोसतोय, हे खरं हाय."

"मग तेच द्या की."

"ऐका की जरा. ते जोर लवकर धरतंय. लवकर धरतंय म्हंजे तापतंय बी जास्त. पाणी कमी पडलं की तडकलं. पूल बांधायचाय, दहा मजले चढवायचेत, स्लॅबखालच्या फळ्या लवकर काढायच्यात, तर ते घ्यावं. तुमच्या दोन खोल्यांच्या स्लॅबला त्रेचाळीस रगड हाय. आणि गिलाव्याला तर त्रेपन्न घालूच नका. भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यागत तडे उठत्यात, मग तुम्ही येऊन मलाच शिव्या देणार."

महागाचं सोडून स्वस्तातलं घ्या म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यातही काहीतरी डाव असणार अशी मला शंका आली. अण्णा मात्र रंगात आले होते. मला हाताला धरल्यासारखं गोदामात घेऊन गेले. पोती फळ्यांवर रचलेली, भिंतीपासून हातभर लांब. जमिनीची आणि भिंतीची ओल सिमेंटला चालत नाही म्हणून. पोत्यावर छापलेला, सिमेंट कुठल्या आठवड्यात बनलं त्याचा आकडा दाखवला. "पिशवीचं वय बघायचं. तीन म्हयन्याच्या पुढचं सिमेंट माझा सख्खा भाऊ विकाय लागला तरी घिऊ नका. जोर उतरतोय त्याचा." मग एक फाटकं पोतं पुढे ओढून म्हणाले, "हात घाला आत." मी कोपरापर्यंत हात घातला. आत गारवा होता. "गार लागलं न्हवं? गुठळी न्हाय न्हवं? मग ताजं हाय."

मला हे आवडलं, खोटं कशाला बोलू. हाताला पिठासारखं सिमेंट लागलं होतं आणि आपल्याला काहीतरी कळायला लागलंय असं वाटत होतं. मी म्हणाले, "बरं, त्रेचाळीस द्या. शुक्रवारी स्लॅब आहे."

"देतो की. वाळू कुठली?"

"वाळूचं तुम्ही बघू नका. वाळू घरची आहे. भावाने कोकणातून आणून दिलीय."

अण्णांचा चेहरा बदलला. त्यांनी पावतीपुस्तक मिटून ठेवलं. "कोकणातनं म्हंजे नदीची का खाडीची?"

मला काय माहीत! पाणी ते पाणी. मी म्हणाले, "कुठलीही असो. तुमच्या इथल्यापेक्षा दसपट स्वच्छ आहे."

"मग एक डबा भरून आणा. सिमेंट पळून जात न्हाय. पर वाळू बघितल्याबिगर स्लॅबचं सिमेंट मी देत न्हाय."

मी पाय आपटत घरी आले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर थोरल्या मुलाच्या जेवणाच्या डब्यात वाळू दाबून भरली आणि अण्णांच्या गल्ल्यासमोर आदळली. एकदाचं यांचं तोंड बंद करावं म्हणून.

त्यांनी आधी ती तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने चोळली. हात माझ्यापुढे धरला. तळहाताला डाग नव्हता. "माती न्हाय," ते म्हणाले. मग काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर पाणी असं घालून खळखळून हलवली आणि टेबलावर ठेवून दिली. "वाळू खाली बसती, गाळ तिच्यावर थर धरतोय. थर जाड झाला की वाळू वाया गेली. गाळ सिमेंटला दाण्याला चिकटू देत न्हाय." आम्ही दोघं बरणीकडे बघत बसलो. मधे त्यांनी दोन गिऱ्हाइकं केली, मी चहा घेतला. पाणी निवळलं. वाळूवर गाळाचा थर असा जवळजवळ नव्हताच.

"झालं समाधान?" मी विचारलं. माझ्या आवाजात किती गुर्मी होती ते आज आठवलं तरी लाज वाटते.

तेव्हाच अण्णांनी ती चिमूट जिभेवर ठेवली आणि वर सांगितलेलं ते वाक्य बोलले.

"का नको लावू?" मी एवढ्या मोठ्याने विचारलं की खिळे घ्यायला आलेला सुतार मागे सरकला.

"खारट हाय. खाडीची हाय."

"तुम्हाला तुमची वाळू खपवायची असेल, तर तसं सांगा. माझ्या भावाच्या वाळूला नावं ठेवू नका."

हे बोलायला नको होतं. अण्णा वाळूही पुरवायचे हे खरं, पण त्यांचा चेहरा असा काही दुखावला की मीच चपापले. ते रागावले नाहीत. फक्त डबा माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "मग तुम्हीच चाखा."

मी चाखली. दातांखाली करकर झाली. खारट लागलं का? लागलं, थोडंसं. पण उन्हातून आलेली, ओठांवर घामही होता. मी तसं म्हणाले. खरं सांगायचं तर मला कळलं होतं आणि मी कळू देत नव्हते.

"बरं. जिभंचं ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. त्यांनी कपाटातून एक काळी बाटली काढली. त्यांचे जावई हुपरीला चांदी गाळायचं काम करायचे. भेसळीची चांदी शुद्ध करताना ती तेजाबात विरघळवतात. तसलंच चांदी विरघळवलेलं पाणी त्या बाटलीत होतं. "ह्यात मिठाचा अंश पडला की पांढरं फुटतंय. जावयाचा धंदाच त्यो हाय, त्यानंच मला ह्यो नाद लावला."

तीन पेले मांडले. पहिल्यात नुसतं बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी. दुसऱ्यात पंचगंगेची वाळू त्याच पाण्यात ढवळून, वरचं निवळ तेवढं ओतलेलं. तिसऱ्यात माझ्या डब्यातल्या वाळूचं निवळ. तिन्ही पाणी दिसायला सारखंच. अण्णांनी प्रत्येकात काडीने दोन-दोन थेंब सोडले. पहिल्यात काही झालं नाही. दुसऱ्यात जरासं धुरकट आलं. तिसऱ्यात थेंब पडला तिथून पांढरं ढगासारखं पसरलं, आणि बघता बघता पेला दूध फाटल्यासारखा झाला.

एवढ्याशा दोन थेंबांनी माझ्या भावाचा आहेर असा उघडा पाडला होता. दुकानात तो सुतार होता, आणखी कोण कोण होते, आणि मला वाटलं सगळे दादालाच हसताहेत. कोणी हसत नव्हतं.

अण्णांनी मला स्टुलावर बसवलं. मग जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. "मीठ लोखंड खातंय. स्लॅबच्या पोटात सळ्या असत्यात. चांगल्या काँक्रीटमधी त्या बिनघोर पडून ऱ्हात्यात. पर आत मीठ असलं, वरनं आपला पाऊस, की सळी गंजाय लागती. आणि गंजली की बारीक हुत न्हाय, आदी फुगती. फुगून आतनंच काँक्रीट फोडती. तुम्हाला कळंस्तोवर वर्षं जात्यात. त्रेपन्न घाला न्हायतर शंभर नंबरचं घाला, सिमेंट ह्याला काय करणार? डोक्यावर लटकून ऱ्हात्यात ते सळ्याच. त्याच ऱ्हायल्या न्हाईत तर?"

"धुऊन घेतली तर?"

"धुत्यात काही लोक. चार-चार डाव गोड्या पाण्यात. तुमच्याकडं दोन ट्रक वाळू धुवाय पाणी कुठं हाय? आणि धुतलीया असं समजून पोरांना खाली झोपवणार?"

मी घरी आले. संध्याकाळी गवंडी म्हणाला, "त्या म्हाताऱ्याचं काय ऐकताय, आमी कितीतरी घातली असली वाळू." मी त्या पांढऱ्या ढिगासमोर उभी राहिले. आता सांगते, कोणाला कधी सांगितलं नव्हतं: मी ठरवलं, हीच घालायची. दुसऱ्या दुकानातून सिमेंट आणायचं आणि गप्प बसायचं. दादाला कसं सांगणार की तुझा आहेर खोटा निघाला? शुक्रवारी तो येणार, मटणाचं जेवण होणार, गड्यांना तो स्वतः वाढणार आणि स्लॅबकडे बोट करून सांगणार की ही वाळू माझी. हे त्याच्याकडून काढून घ्यायची माझी छाती नव्हती. स्वतःच्या पोरांच्या डोक्यावर मी काय ओतायला निघाले होते ते मला दिसत होतं, तरी मी तसं ठरवलं. माणूस इतका वेडा होऊ शकतो याचा धक्का मला आजही बसतो.

सकाळी शाळेत जाताना वाटेत अण्णाच भेटले. दुकान उघडत होते. माझ्याकडे एकदा बघितलं आणि काय ते ओळखलं.

"भावाला सांगवंना व्हय?"

मी मान हलवली.

"त्याला घेऊन या हितं. मी बोलतो. तुम्ही फकस्त गप ऱ्हावा."

मी मधल्या सुट्टीत टेलिफोन बूथवरून दादाच्या गावातल्या किराणा दुकानात निरोप ठेवला आणि शाळा सुटल्यावर शुक्रवारचा स्लॅब पुढे ढकलायला गवंड्याला सांगितलं. तो पुटपुटत गेला. दुपारी दादा ट्रक घेऊन दारात हजर. "काय झालं? कुणी काय म्हणालं काय तुला?" हाच त्याचा पहिला प्रश्न. मी म्हणाले, सिमेंटवाले अण्णा बोलवताहेत, वाळूबद्दल विचारायचंय. तो खूष झाला. त्याला वाटलं, अण्णांनाही तसलीच वाळू हवी असणार.

दुकानात शिरतानाच त्याने आवाज चढवला, "रामराम! कशी काय वाटली आमची वाळू?"

अण्णांनी त्याला बसवलं, चहा मागवला, गुळाचे भाव विचारले. मग डबा पुढे ओढून सगळं शांतपणे सांगितलं. दादाचा चेहरा लाल होत गेला. "म्हंजे मी माझ्या भनीला खोटा माल दिला म्हणताय?" तो उठूनच उभा राहिला. "ओ अण्णा, मी सोता भरलीया ती! भरती येऊन गेली की धुतल्यागत पडलेली असती. त्यातनं बी चांगली बघून भरलीया!"

"म्हणूनच म्हणतोय," अण्णा म्हणाले. "तुम्ही चांगली बघूनच भरलीसा. भरतीचं पाणी धुतंय बी आणि मीठ बी ठेवून जातंय."

आणि त्यांनी पुन्हा तीन पेले मांडले. मी मान खाली घातली होती, मला दुसऱ्यांदा बघवत नव्हतं. मी वाट बघत होते की दादा ओरडेल, पेला फेकेल, मला दोन शब्द सुनावेल. मी वर पाहिलं. तो त्या पांढऱ्या पेल्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"अण्णा," तो अगदी हळू म्हणाला, "बाहेरनं कळतंय का? आत गंजतंय ते?"

"कळतंय की. वरनं ओल येती, ती उन्हाळ्यात बी वाळत न्हाय. चुना लावला तरी पापुद्रा सुटतोय, पांढरं पीठ येतंय. मग सळीच्या रेघंला तांबूस डाग. ठोकलं तर बद्द आवाज येतोय. शेवटाला खपल्या पडाय लागत्यात."

दादा मटकन खाली बसला.

आणि मला तेव्हा कळलं. त्याने सहा वर्षांपूर्वी गावात घर बांधलं होतं. आमच्या गल्लीतलं पहिलं स्लॅबचं घर. तेव्हाही तो त्याच रस्त्याला गाडी चालवत होता. मधल्या खोलीच्या छताला दर दिवाळीला नवीन चुना लागायचा आणि दर पावसाळ्यानंतर तो सुटायचा. पत्र्याची पन्हळ गळते, पाणी तुंबतं, असं काहीतरी आम्ही सगळे म्हणायचो. त्या मधल्या खोलीत आई झोपायची.

"तीच वाळू?" मी विचारलं.

"तीच," तो म्हणाला. "त्याच खाडीची."

अण्णांनी उठून पायात चपला घातल्या. दुकान धाकट्या भावावर सोपवलं आणि एक लहान हातोडी पिशवीत टाकली. "चला," एवढंच म्हणाले. ट्रकच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो. घाटातला ड्रायव्हर माझा भाऊ, पण त्या दिवशी सरळ रस्त्यावर दोनदा त्याचा गिअर चुकला. गगनबावड्याच्या वाटेवरचं आमचं गाव तासाभराचं.

आई सोप्यात शेंगा निवडत होती. मला अवेळी बघून घाबरली. "काय गं? जावई बरं हायीत न्हवं?" म्हणाली. अण्णांना बघून पदर सावरला. "या पावणं, बसा. च्या टाकते."

"नगं आई," अण्णा म्हणाले. "जरा वरचं बघायचं हाय."

मधल्या खोलीत ते कॉटवर चढले आणि हातोडीच्या दांड्याने स्लॅबवर हळूच ठोकायला लागले. भिंतीकडे टणटणीत आवाज आला. मध्याकडे सरकत गेले तसा आवाज पोकळ होत गेला. मला, शाळेत पोरांना जोडशब्द शिकवणाऱ्या बाईला, तो फरक स्पष्ट ऐकू येत होता. त्यांनी एका फुगीर जागी बोटाने नुसतं दाबलं. ताटाएवढी खपली सुटून कॉटवर पडली. आईच्या उशीवर. आतून दोन सळ्या दिसल्या, तांबड्या, पापुद्रे सुटलेल्या. अण्णांनी एकीवर नख ओढलं तसा गंजाचा भुगा खाली गळला.

माझ्या तोंडून किंकाळी निघाली. दादा भिंतीला टेकून उभा होता, तो तसाच राहिला.

अण्णा खाली उतरले. "आज हितं कुणी झोपायचं न्हाय," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता बल्ल्या आणून टेकू द्या. उद्या मी इंजिनिअर घेऊन येतो. कदाचित उतरवायला लागंल सगळा. पर त्यो उतरवणं आपल्या हातात हाय तवरच उतरवावा." मग दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "न कळत झालंय रे बाबा. कळलंय आता."

दादाला रडू फुटलं. चाळीस वर्षांचा माणूस, हुंदके देऊन रडला. आई दारात उभी होती. तिला सगळं समजलं असेल असं नाही, पण खपली, उशी आणि रडणारा लेक एवढं तिला दिसत होतं.

"अरं, एवढं काय झालं?" ती म्हणाली. "पडतंय की थोडं थोडं. मी रोज झाडून काढते."

आम्ही तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"रोज?" दादाने विचारलं.

"पावसाळ्यात रोज. एरवी अधनंमधनं. तू गाडीवरनं येऊन झोपलेला असतोस, तू उठायच्या आत झाडून मागं टाकते." तिने मागच्या दाराकडे हात केला. मी गेले. परसात, कढीपत्त्याच्या बुडाशी, काँक्रीटच्या खपल्यांचा आणि चुन्याच्या भुग्याचा गुडघाभर ढीग होता. वर पालापाचोळा टाकून झाकलेला. मी घराच्या मागच्या भिंतीला हात टेकला, आणि ही भिंत तरी धड आहे का असं मनात आलं.

"आई, सांगितलं का न्हाईस?" दादा ओरडला.

"काय सांगू? एवढ्या हौसेनं बांधलंस. गावात मान वर करून फिरतोस. म्हातारीच्या अंगावर चुना पडतोय, हे काय सांगायचं असतंय?"

"कवापास्नं पडतंय?"

"दुसऱ्या पावसाळ्यापास्नं."

असं म्हणून, कॉटवर सांडलेलं आवरायला म्हणून, ती हातात केरसुणी घेऊन पुन्हा त्या खोलीत शिरायला निघाली. दादाने तिला दोन्ही हातांनी धरून मागे ओढलं, इतक्या जोरात की तिच्या हातातली केरसुणी सुटून लांब जाऊन पडली. उभ्या आयुष्यात त्याने आईला असं धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.